एक पायरी आत

लॅपटॉपमधली बाई एकच शब्द बोलायची. "ग्राफिक."

उन्मेष बाणाची कळ दाबून पुढच्या स्लाइडवर जायचा. "ग्राफिक." अजून पुढे. "ग्राफिक." कॉलेजात अंकुश सरांनी पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेचा अख्खा विषय असाच शिकवला होता. आपल्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहायचा, चालवायचा, पडद्याचा फोटो काढायचा आणि तो फोटो स्लाइडवर डकवायचा. ज्याला डोळे आहेत त्याला फोटोतलं सगळं वाचता येतं. उन्मेषचे डोळे लहानपणीच्या तापात गेले. त्याच्या वाटेची वाचणारी ती लॅपटॉपमधली बाई, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर, आणि तिला फोटोतलं अक्षर दिसत नव्हतं. आंधळ्याच्या हाती आंधळी, असं तो हसत म्हणायचा.

फोनमधलं एक ॲपही त्याने वापरून पाहिलं. ते फोटोतली अक्षरं उचलायचं, पण ओळींच्या सुरुवातीच्या कोऱ्या जागा गिळून टाकायचं. आणि पायथॉनमध्ये सगळा जीव त्या कोऱ्या जागेत असतो. कुठली ओळ कुणाच्या पोटात आहे, ते तिथे शब्दाने सांगत नाहीत. ओळ थोडी आत सरकवतात, बस.

मग उरली हर्षा, त्याची मोठी बहीण. तिनेही काही वर्षांपूर्वी हाच कोर्स केला होता. आता ती इतवारीत एका टॅक्सवाल्याकडे दिवसभर आकडे भरायची. संध्याकाळी गर्दीतून गाडी काढत महाल भागात यायची, बांगडीवाल्याच्या दुकानावरच्या त्यांच्या दोन खोल्यांत चढायची, चहा घ्यायची आणि भावाशेजारी पाट टाकून बसायची. बाबा कळमेश्वरच्या कारखान्यात कामाला, तिकडेच राहायचे. पोराच्या कॉलेजसाठी बाकीचं घर नागपुरात आलं होतं.

"वाच," उन्मेष म्हणायचा.

"ओळ पहिली. टोटल बरोबर शून्य. म्हणजे टोटल नावाचा एक डबा घेतला आन् त्यात शून्य ठेवला."

"पुढे."

"ओळ दुसरी. फॉर आय इन, चौकोनी कंसात एक, दोन, तीन, मग कोलन. म्हणजे आय आधी एक होईन, मग दोन, मग तीन. तीन फेऱ्या. कोलन आला म्हणजे खालची ओळ आत जाणार. ओळ तिसरी, एक पायरी आत…"

पायरी हा शब्द त्यांचा स्वतःचा होता. पहिल्या दिवशी हर्षा "चार स्पेस, चार स्पेस" म्हणत होती आणि उन्मेषच्या मनात काही चित्र उभं राहत नव्हतं. मग ती वैतागून म्हणाली होती, "अरे, आपल्या जिन्यावानी समज ना. ओळ एक पायरी आत गेली." त्याच्या तळपायांना जिना पाठ होता. त्या दिवसापासून पायथॉन त्याला पायांनी कळू लागलं. कुठली ओळ उंबऱ्यावर उभी आहे, कुठली पायरीवर, कुठली पायरीच्याही आतल्या पायरीवर.

"ओळ तिसरी, एक पायरी आत. टोटल बरोबर टोटल अधिक आय. ओळ चौथी, तीपण एक पायरी आत. प्रिंट, कंसात टोटल. आता सांग, काय छापते?"

"पहिल्या फेरीत शून्य अधिक एक, एक. छापलं एक. मग एक अधिक दोन, छापलं तीन. मग सहा. एकाखाली एक. एक, तीन, सहा."

"बरोबर. आता पुढची स्लाइड. सगळं तेच. फक्त चौथी ओळ पायरीवर नाही. बाहेर आली, फॉरच्या खाली, भिंतीले टेकून."

"म्हणजे फेऱ्या संपल्यावरच तिची पाळी. एकदाच छापन. सहा."

आई, म्हणजे शामलाबाई, कोपऱ्यात संभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडत बसलेली असायची. "हा टोटल कोण आहे गा?" तिने एकदा विचारलं. "रोज त्याचं नाव निघते. शून्यातून सहावर गेला बिचारा, आन् तुमी त्याले परत शून्यावर आणता."

"आमचा दोस्त आहे, आई."

"मंग त्याले एकदा जेवायले तरी बोलवा."

कळमेश्वरच्या घरी जातं होतं तेव्हा आई त्यावर ओव्या म्हणायची. जात्याची फेरी आणि शब्दाची फेरी एकाच वेळी पुरी व्हायची. पीठ बाहेर पडायचं आणि ओळही. हर्षाच्या वाचण्यात ती लय कधी शिरली, तिचं तिलाही कळलं नाही. दुसरी स्लाइड उन्मेषच्या ध्यानात राहावी म्हणून तिने सहज दोन ओळी जुळवल्या:

आतल्या पायरीवर गं, बेरीज होत जाई
बाहेर आल्यावाचून, प्रिंट बोलत नाही

"ओवीच म्हणून राहिली का वं?" आईने मान वर केली. "पण ही कोण बाई, बाहेर आल्याशिवाय न बोलणारी?"

"तुझ्यासारखी नाही, एवढं नक्की," उन्मेष म्हणाला, आणि आईने संभाराचा देठ त्याच्या दिशेने भिरकावला.

उन्मेष हे सगळं फोनवर रेकॉर्ड करून ठेवायचा. एकदा वर्गातल्या मोहितने ते ऐकलं. "अबे, सरांपेक्षा तुझ्या ताईचं जास्त समजून राहिलं. पाठव ना." त्याने पाठवलं. मोहितने वर्गाच्या ग्रुपवर टाकलं. थोड्याच दिवसांत ज्यांना स्लाइड दिसत होत्या तीच पोरं हर्षाचा आवाज कानात घालून बसची वाट पाहू लागली. कॅन्टीनमध्ये चहावाल्याने उशीर केला की कुणीतरी म्हणायचं, "बाहेर आल्यावाचून, प्रिंट बोलत नाही!" आणि सगळे हसायचे. उन्मेषला तेव्हा बरं वाटायचं. घरचं काहीतरी चारचौघांत मान घेऊन बसलंय असं.

हर्षा एकदा अंकुश सरांना भेटून आली होती. "सर, फोटोऐवजी नुसतं टाइप केलेलं टाकलं तर त्याचा कॉम्प्युटर स्वतः वाचून दाखवेल. मी नसले तरी."

सर भले माणूस. खुर्ची दिली, पाणी विचारलं. "मॅडम, ह्या स्लाइड किती वर्षांपासून बनवल्या आहेत. बाकीच्यांले तर दिसतेच ना. एकट्यासाठी सगळं परत करत बसू?" मग आवाज मऊ करून म्हणाले, "तुमी वाचताच ना त्याले. बढिया वाचता. मी ऐकलं."

ती घरी आली आणि पाट टाकून पुढची स्लाइड वाचायला बसली.

शेवटचं सत्र होतं. मिहान औद्योगिक क्षेत्रातल्या एका कंपनीने उन्मेषला निवडलंही होतं. वेबसाइटा आंधळ्या माणसाला वापरता येतात की नाही, हे तपासायचं काम. जे आयुष्यभर फुकट सोसलं त्याचा आता पगार मिळणार, असं तो म्हणायचा. अट एकच होती: निकालात एकही विषय राहिलेला नको. बाकीचे विषय त्याचे हातचे होते. धाकधूक होती ती पायथॉनची.

परीक्षेला लेखनिक लागतो. प्रश्न वाचून दाखवायचा आणि सांगितलेलं उत्तर लिहायचं. नियम असा की लेखनिक शिक्षणात विद्यार्थ्यापेक्षा एक पायरी खालचा हवा. हर्षा चालणार नव्हती. तिला सगळं येत होतं, हाच तिचा दोष. म्हणून शेजारची रीना तयार झाली, बारावी कॉमर्सची, अक्षर मोत्यासारखं. हर्षाने तिला आठवडाभर बसवून शिकवलं. कोलन म्हणजे काय, चौकोनी कंस कुठला. आणि सगळ्यात आधी पायरी. "त्याने पायरी विचारली की ओळ किती आत आहे ते सांगायचं. बस."

"हो ताई," रीना म्हणाली. "जिन्यावानी."

परीक्षेच्या दिवशी त्या दोघांना वेगळ्या खोलीत बसवलं. समोर एक पर्यवेक्षक, दुसऱ्या विभागाचे, चष्मा कपाळावर चढवून बसलेले. त्या वर्षी कॉपीच्या भानगडी फार झाल्या होत्या आणि वरून ताकीद आली होती. रीना प्रश्न वाचत होती, उन्मेष सांगत होता, पेन चालत होतं. मग तो प्रश्न आला. खालील प्रोग्राम काय छापेल ते लिहा. पाच गुण.

"टोटल बरोबर शून्य," रीनाने वाचलं. "फॉर आय इन, चौकोनी कंसात एक, दोन, तीन, कोलन. टोटल बरोबर टोटल अधिक आय. प्रिंट, कंसात टोटल."

उन्मेष ओळखीचं हसला. आपल्याच गल्लीतला माणूस परगावी भेटावा तसा तो प्रोग्राम समोर आला होता. "रीना, शेवटच्या ओळीची पायरी?"

पर्यवेक्षकांचा चष्मा कपाळावरून नाकावर आला. "काय? काय पायरी?"

"सर, ओळ किती आत आहे ते विचारून राहिलो."

"मी मघापासून ऐकून राहिलो. मघाशीपण बोललास, पायरी. हा काय कोडवर्ड आहे का तुमचा? पायरी म्हणजे ए, दोन पायऱ्या म्हणजे बी?"

"नाही सर. पायथॉनमध्ये ओळीआधी कोरी जागा असते, तिला अर्थ असतो. ती कळल्याशिवाय…"

"लिहिलेलं आहे तेवढं वाचायचं. पोरी, ऐकलं? समजावून सांगायचं नाही. जे लिहिलं आहे तेवढंच."

"पण सर," रीना म्हणाली, "पायरी तर इथं…"

"परत पायरी! दोघांचे पेपर हिसकून घेईन. कॉपी केस करू का?"

रीनाचे डोळे भरून आले. तिने पुन्हा वाचलं, जे लिहिलं होतं तेवढंच. आणि कोरी जागा कुणी लिहिलेली नसते.

पंखा फिरत होता, त्याचं एक पातं दर फेरीला कुठेतरी घासत होतं. दोन स्लाइड त्याच्या मनात शेजारी शेजारी उभ्या होत्या, जुळ्या बहिणींसारख्या. एक पायरीवर उभी राहून दर फेरीला बोलणारी, एक बाहेर येऊन एकदाच बोलणारी. रीनाने यातली कुठली वाचली, ते त्याला कसं कळावं? ताईचं गाणं कानात वाजत होतं, पण ते दुसऱ्या स्लाइडचं गाणं होतं. गाणं आठवतं म्हणून उत्तर तेच, असं कसं लिहावं?

"लिही," तो शेवटी म्हणाला. "चौथी ओळ फॉरच्या आत असल्यास: एक, तीन, सहा, एकाखाली एक. बाहेर असल्यास: फक्त सहा."

घरी परतताना रिक्षात रीना हमसून हमसून रडली. "दादा, मी तेच सांगून राहिली होती. पायरी नव्हतीच. एकाही ओळीले नव्हती. चारही ओळी भिंतीले टेकून होत्या, एका रांगेत, शाळेतल्या पोरांवानी."

उन्मेषने तिच्या हातातला पेपर चाचपला. गुळगुळीत कागद. त्याच्या बोटांना तिथे काहीच सांगण्यासारखं नव्हतं.

रात्री मोहितचा फोन आला. "अबे उन्मेष! ताईचं गाणं आलं ना पेपरात! मी तर डोळे मिटून सहा लिहिलं. सगळ्यांनी सहाच लिहिलं. ताईले सांग, पार्टी माझ्याकडे."

"तुले पेपरात पायरी दिसली?"

"कोण पाहते बे पायरी? प्रोग्राम ओळखीचा, गाणं ओळखीचं. झालं."

निकाल लागला. सगळे विषय सुटले, पायथॉन राहिला. चार गुण कमी. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली, हर्षाने ती जिन्यातच उघडली. रीनाच्या मोत्यासारख्या अक्षरांवर लाल रेघ होती आणि बाजूला लिहिलं होतं: दोन उत्तरे. शून्य.

कॉलेज स्वायत्त, पेपर काढणारे अंकुश सर, तपासणारेही तेच. हर्षा अर्धी सुटी टाकून त्यांच्याकडे गेली. उन्मेष बरोबर होता. सरांनी पुन्हा खुर्च्या दिल्या, पुन्हा पाणी विचारलं.

"मॅडम, मले वाईट वाटते. पण दोन उत्तरं लिहिली की शून्य, हा नियमच आहे. नाहीतर पोरं पाच-पाच लिहितीन."

"सर, एक मिनिट," हर्षा म्हणाली. तिने लॅपटॉप उघडला, प्रश्नपत्रिका शेजारी ठेवली आणि जसं छापलं होतं तसं, भिंतीला टेकवून, चार ओळी टाइप केल्या. चालवलं. खाली लाल अक्षरं आली.

"उन्मेष, तूच ऐकव सरांना," ती म्हणाली.

लॅपटॉपमधली बाई बोलली. ह्या वेळी फोटो नव्हता, म्हणून तिलाही वाचता आलं. इंडेंटेशन एरर. दुसऱ्या ओळीतल्या फॉरनंतर आत सरकलेली ओळ अपेक्षित होती.

"सहा नाही छापत, सर," उन्मेष म्हणाला. "एक-तीन-सहापण नाही. चालतच नाही हा. पहिली ओळसुद्धा चालत नाही. तुमचं उत्तर चूक, वर्गाचं चूक, माझीपण दोन्ही चूक. पण माझ्यात 'असल्यास' तरी आहे."

सरांनी उठून दार लोटून घेतलं.

"मले माहीत आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "पेपर छापून आला त्याच दिवशी दिसलं होतं. टायपिंगवाल्याने जागा खाऊन टाकल्या. पण पोरांनी तर बरोबर लिहिलं ना! सगळ्यांनी सहा. मंग कशाले उकरायचं म्हटलं."

"त्यांनी पेपर वाचून नाही लिहिलं सर. माझं गाणं आठवून लिहिलं."

"तुमचं गाणं?" सर क्षणभर हसले, मग त्यांचं हसू विझलं. "हे पाहा. मी लिहून दिलं की प्रश्न चुकला, तर सगळ्या वर्गाचा निकाल उघडावा लागतो. चौकशी. माझं प्रमोशन बसलं आहे दाराशी. एकट्यासाठी…"

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. हर्षाला ते मागच्या वेळचंच वाक्य वाटलं; फक्त तेव्हा पुरं म्हणाले होते.

"पुढच्या सत्रात देऊन टाक ना बेटा," सर उन्मेषला म्हणाले. "तुले तर सगळं येते. तू तर हुशार आहेस."

"हो सर," उन्मेष म्हणाला. "तोच तर प्रॉब्लेम आहे."

कंपनीकडून पत्र आलं. नकाराची भाषा नम्र होती. लॅपटॉपमधल्या बाईने ते सलग, न अडखळता वाचलं. पत्र टाइप केलेलं होतं. आईने विचारलं, "काय म्हणते?" तर उन्मेष म्हणाला, "पुढच्या फेरीत बोलावतो म्हणतात." आईला ती फेरी कुठली ते कळलं नाही. तिने मान हलवली आणि गॅसकडे वळली.

मोहित पास झाला. त्याने खरंच पार्टी दिली, आणि बोलवायला घरीही आला. दारात उभा राहून चप्पल काढावी की नाही अशा घोळात म्हणाला, "ताई, तुमच्यामुळे निघालो ना मी." हर्षाने त्याला चहा दिला. त्याने तो घाईघाईने, जीभ भाजून घेत प्यायला.

मग एका दुपारी हर्षाच्या फोनवर अंकुश सरांचा मेसेज आला. कॉलेजात तपासणी समिती येणार होती. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी विभागाने काय केलं, ते दाखवायचं होतं. *मॅडम, तुमच्या स्लाइडवाचनाच्या ऑडिओ फायली चांगल्या आवाजात परत रेकॉर्ड करून पाठवाल का? विभागाचा उपक्रम म्हणून दाखवू. तुमचं नाव टाकूच.* खाली जोडलेले दोन हात.

संध्याकाळी तिने तो मेसेज उन्मेषला वाचून दाखवला. शब्द न शब्द, जोडलेल्या हातांसकट.

खाली दुकानात कुणीतरी बांगड्या चढवून घेत होतं, त्यांचा किणकिणाट जिन्यातून वर येत होता.

"पाठवून दे," तो म्हणाला.

"काहून पाठवू? आपल्या घरी बसून वाचलं मी. त्यांनी काय केलं?"

"पाठव म्हणतो ना. एकच पाठव. तो पेपर काढ. जसा आहे तसा वाच. काही गाळू नको, काही मनाचं घालू नको. परीक्षेतली अट त्यांच्याच कॉलेजची आहे, लिहिलेलं तेवढं."

हर्षाने घडी पडलेली प्रश्नपत्रिका उलगडली. फोन दोघांच्या मध्ये ठेवला. आई मेथी निवडायची थांबली.

"ओळ पहिली," हर्षाने वाचलं. "टोटल बरोबर शून्य. भिंतीला टेकून. ओळ दुसरी. फॉर आय इन, चौकोनी कंसात एक, दोन, तीन, कोलन. भिंतीला टेकून. कोलन आहे, म्हणजे खालची ओळ एक पायरी आत यायला हवी. ओळ तिसरी. टोटल बरोबर टोटल अधिक आय." आज तिच्या आवाजात जात्याची लय नव्हती. "आत आलेली नाही. तिला पायरी दिलेली नाही. इथे थांबतं."

"काय छापतं?" उन्मेषने विचारलं, रोजच्यासारखं.

"काहीच छापत नाही."

फोनवर लाल ठिपका चालू होता. दोघंही काही वेळ बोलले नाहीत, आणि ती शांतताही फायलीत गेली. मग त्याने चाचपडत फोन घेतला, रेकॉर्डिंग थांबवलं आणि पाठवून दिलं.

निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर आलं नाही. त्या रात्री नाही, नंतरही नाही. समिती येऊन गेली तेव्हा विभागाच्या दारावर एक रंगीत फलक लागला होता, असं मोहितने सांगितलं. त्यावर एक फोटो होता, म्हणे. कशाचा, ते त्याने नीट पाहिलं नव्हतं.

पुढच्या सत्राचे वर्ग सुरू झाले तशी हर्षा पुन्हा पाट टाकून बसली. त्याच स्लाइड, तेच फोटो. उन्मेषने बाणाची कळ दाबली. "ग्राफिक," बाई म्हणाली.

"वाच," तो म्हणाला. "गाणं नको, ताई. नुसतं वाच."